दहा टक्के ओलावा, पण कुठे आणि कसा मोजलेला?

सांगलीहून हळकुंडांचा एक कंटेनर न्हावा शेवामार्गे रॉटरडॅमला निघाला आहे असे समजा. चाळीस फुटी कंटेनर, ५० किलोची ५०० पोती, म्हणजे २५ टन माल. दर टनाला १,७०० डॉलर, एकूण ४२,५०० डॉलर. करारनामा दीड पानाचा आहे आणि त्यात मालाविषयी एकच ओळ आहे: ‘मॉइश्चर १० टक्के मॅक्स, करक्युमिन ३ टक्के मिन, नेट वेट २५ मेट्रिक टन, क्वालिटी अँड वेट ॲज पर डेस्टिनेशन रिपोर्ट.’ निर्यातदाराने ओळ वाचली, गोदामातला माल आठवला, आकडे जमतात असे पाहिले आणि सही केली.

पाच-सहा आठवड्यांनी खरेदीदाराची मेल येते. ओलावा ११.९ टक्के निघाला. वजन २५० किलो कमी भरले. ओलाव्यापोटी १.९ टक्के, म्हणजे ८०७ डॉलर ५० सेंट, आणि तुटीपोटी ४२५ डॉलर कापून घेत आहोत. एकूण १,२३२ डॉलर ५० सेंट. निघण्यापूर्वी सांगलीत तपासणी झाली होती, तेव्हा ओलावा ९.८ होता आणि वजन २५,००० किलो पुरे भरले होते. त्या दाखल्याची प्रत निर्यातदाराकडे आहे, पण करारानुसार तिला किंमत नाही.

हा दावा खरा की खोटा, हे कसे ओळखायचे आणि करारात काय लिहिले असते तर तो उठलाच नसता, एवढ्याच प्रश्नाभोवती हा लेख आहे. हिशेब सहज समजावा म्हणून आकडे सोयीचे घेतले आहेत; त्यातली गुंतागुंत मात्र रोजच्या व्यवहारातली आहे. उदाहरण हळदीचे असले तरी मका, ज्वारी, मिरची, धणे पाठवणाऱ्यालाही यातले बहुतेक सगळे लागू पडते. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

दोन्ही तक्रारी एकदम कशा?

अशी मेल आली की पहिल्यांदा रागावू नका, कागद-पेन्सिल घ्या. एकाच मालाचा ओलावा वाढला आणि वजन घटले, या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. माल वाटेत सुकला तर वजन कमी होईल, पण ओलावाही कमी झालेला दिसेल. मालाने दमट हवा ओढली तर ओलावा वाढेल, पण वजनही वाढेल. म्हणून दाव्यातले दोन आकडे एकमेकांसमोर उभे करून पाहायचे.

याची किल्ली म्हणजे कोरडा अंश. हळदीतले पाणी सोडून जे उरते ते उन्हात किंवा समुद्रावर उडून जात नाही. सांगलीत २५,००० किलो मालात ९.८ टक्के पाणी होते, म्हणजे कोरडा माल ९०.२ टक्के, २२,५५० किलो. रॉटरडॅमच्या अहवालाप्रमाणे २४,७५० किलो मालात ११.९ टक्के पाणी आहे, म्हणजे कोरडा माल ८८.१ टक्के, सुमारे २१,८०५ किलो. फरक ७४५ किलोंचा आला. एवढा कोरडा अंश म्हणजे सोळा-सतरा पोत्यांचा माल. पण कंटेनरचे सील शाबूत होते आणि उतरवताना ५०० पोती मोजून घेतली, हे खरेदीदाराच्याच अहवालात आहे. मग सोळा-सतरा पोत्यांची हळद गेली कुठे?

ती कुठेही गेलेली नाही. दोन्ही ठिकाणी मोजण्याची पद्धत निराळी होती, इतकेच. हा हिशेब करायला पाच मिनिटे लागतात आणि पत्रव्यवहाराचा सूरच त्याने बदलतो. ‘तुमचा अहवाल चूक आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या अहवालातले दोन आकडे एकत्र खरे असू शकत नाहीत, कृपया पद्धत कळवा’ असे लिहिणे कितीतरी वजनदार आहे.

ओलाव्याचा आकडा पद्धतीवाचून अपुरा

धान्याचा ओलावा मोजायचा तर दळलेला नमुना गरम ओव्हनमध्ये ठेवतात आणि घटलेले वजन म्हणजे पाणी असे धरतात. मका-गव्हाला हे चालते, कारण त्यांच्यातून उडून जाण्यासारखे मुख्यतः पाणीच असते. मसाल्यांचे तसे नाही. हळदीत साधारण तीन ते पाच टक्के बाष्पनशील तेल असते आणि तिचा वास त्याच तेलाचा. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर या तेलाचाही काही भाग उडतो आणि तोही ‘ओलावा’ म्हणून मोजला जातो. परिणामी ओव्हनचा आकडा खऱ्या पाण्यापेक्षा जास्त येतो.

म्हणूनच मसाल्यांसाठी वेगळी पद्धत आहे. नमुना टोल्यूइन या द्रवात उकळतात. वाफेबरोबर पाणी बाहेर येते, थंड होऊन खुणा केलेल्या काचेच्या नळीत तळाशी साठते आणि ते थेट मोजता येते. तेल वर टोल्यूइनमध्येच विरघळलेले राहते, पाण्यात मिसळत नाही. ‘आयएसओ ९३९’ हे मसाल्यांतल्या ओलाव्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अमेरिकन स्पाइस ट्रेड असोसिएशनच्या पद्धतींतही हीच टोल्यूइनची रीत आहे.

आपल्या उदाहरणात सांगलीच्या तपासनीसाने टोल्यूइन वापरले आणि तिकडच्या प्रयोगशाळेने सवयीप्रमाणे ओव्हन. कोणीच खोटे बोलले नाही. करारात ‘१० टक्के’ लिहिले होते, पण ते कोणत्या पद्धतीने हे लिहिले नव्हते, म्हणून दोघांचे दोन आकडे आले. खरेदीदाराला विनंती केल्यावर त्याच नमुन्याची टोल्यूइन पद्धतीने फेरतपासणी झाली आणि आकडा ९.४ आला असे धरू. म्हणजे माल वाटेत किंचित सुकला होता. ओलाव्याची कपात तिथेच संपली.

पद्धतीला किती महत्त्व आहे याचा एक दाखला इंग्लंडच्या न्यायालयातला आहे. २००१ सालच्या व्हेबा ऑइल विरुद्ध पेट्रोट्रेड या खटल्यात माल खनिज तेलाचा होता. तपासनीसाचा दाखला दोघांवर बंधनकारक राहील, असे करारात होते आणि घनता मोजण्याची पद्धतही करारात दिली होती. तपासनीसाने त्याऐवजी दुसरी, खरे तर अधिक नेमकी, पद्धत वापरली. अपील न्यायालयाने ठरवले की नेमून दिलेली पद्धत सोडल्यामुळे तो दाखला बंधनकारक राहत नाही. धान्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातले बरेच करार इंग्लिश कायद्याखाली होतात, म्हणून हा निकाल तुमच्याही कामाचा आहे. पद्धत करारात लिहिली तर ती ढाल होते. ती लिहून तुमच्याच तपासनीसाने दुसरी वापरली, तर हातातला दाखलाही कागदाचा तुकडा होऊ शकतो. माल भरण्याच्या आधी तपासणी कंपनीला करारातले पद्धतीचे वाक्य जसेच्या तसे लेखी पाठवा. ‘नेहमीसारखे करा’ असे फोनवर सांगून भागत नाही.

गोदामातल्या हातातल्या मीटरबद्दल दोन शब्द. हा मीटर विजेच्या गुणधर्मावरून ओलाव्याचा अंदाज करतो आणि त्याला त्या-त्या पिकासाठी जुळवून घ्यावे लागते. मक्यासाठी जुळवलेला मीटर हळकुंडावर विश्वासाचा नाही. शिवाय हळकुंड बाहेरून खडखडीत वाजते, पण उकडून वाळवताना घाई झाली असेल तर आतला गाभा ओलसर राहतो. रोज एकाच मीटरने, एकाच रीतीने मोजत गेलात तर कोणते ढीग संशयास्पद आहेत हे त्यावरून कळते. खरेदीत त्याचा उपयोग एवढाच. करारात त्याच्या आकड्यावर शब्द देऊ नका.

‘मॅक्स’ आणि ‘बेसिस’

हे दोन छोटे शब्द दिसायला सारखे, पण कायद्याने फार दूरचे. ‘मॅक्स १० टक्के’ म्हणजे १० ही कमाल मर्यादा. १०.१ निघाले तरी करारभंग, आणि त्यापुढे काय हे लिहिले नसेल तर खरेदीदार माल नाकारण्यापर्यंत जाऊ शकतो किंवा बाजार पडलेला असेल तर त्या निमित्ताने दर पाडून मागू शकतो. दर पडल्यावर अचानक ओलाव्याच्या तक्रारी वाढतात, हे निर्यातदारांना वेगळे सांगायला नको.

‘बेसिस १० टक्के’ म्हणजे दर १० टक्क्यांवर ठरला आहे. जास्त निघाला तर ठरल्या प्रमाणात वटाव द्यायचा. माझा सल्ला असा की दोन्ही वापरा. लिहा: बेसिस १०, कमाल ११, १० ते ११ च्या दरम्यान प्रत्येक एक टक्क्याला किमतीत एक टक्का वटाव, अपूर्णांकाला त्याच प्रमाणात, ११ च्या पुढे खरेदीदाराला माल नाकारण्याचा हक्क. ओलावा १०.८ आला तर ०.८ टक्का, म्हणजे ४२,५०० डॉलरवर ३४० डॉलर द्यायचे आणि विषय संपला.

हा एकास एक वटाव न्याय्य आहे का, हेही तपासून पाहा. १० टक्के ओलाव्याच्या मालात ९० भाग हळद असते, १०.८ च्या मालात ८९.२ भाग. म्हणजे खरेदीदाराला मिळालेली कोरडी हळद ०.८९ टक्क्याने कमी झाली. एकास एक वटाव त्याच्या प्रत्यक्ष नुकसानाच्या जवळपास, थोडा कमीच आहे. खरेदीदाराने एकास दोन मागितला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. बुरशीची भीती वाढते म्हणून तो थोडा जास्त मागेल, ते समजण्यासारखे आहे. पण दुप्पट हा दंड झाला, भरपाई नव्हे.

वटावाची सोय सगळ्याच गोष्टींना नसते, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा. ओलावा, कचरा, तुटके हळकुंड, गड्ड्यांचे प्रमाण यांचा भाव करता येतो. युरोपीय संघात हळदीसाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनची १० मायक्रोग्रॅम आहे. कीटकनाशकांच्या अंशांना तिथल्या मर्यादा आहेत आणि लेड क्रोमेटचा रंग तर चालतच नाही. या कायद्याच्या अटी आहेत. खरेदीदार तयार असला तरी तिथले प्रशासन तयार नसते, त्यामुळे या अटींना वटावाच्या तक्त्यात बसवू नका. वेगळे कलम लिहा आणि माल भरण्याच्या आधी चाचणी करून घ्या.

करक्युमिनचे तीन टक्के

हळदीत दराचा मोठा भाग करक्युमिनवर ठरतो आणि इथे ओलावा मागच्या दाराने पुन्हा आत येतो. समजा सांगलीच्या नमुन्यात, जसा माल आहे तसा तपासला तर, २.८ टक्के आले. करारात किमान ३ आहे. माल नापास?

तो आकडा कोरड्या मालावर काढला तर चित्र पालटते. ९.८ टक्के पाणी वजा केले की उरलेल्या ९०.२ भागांत २.८ भाग करक्युमिन आहे, म्हणजे ३.१ टक्के. माल पास. भारताच्या अन्नसुरक्षा मानकातही हळदपुडीची रंगशक्ती कोरड्या आधारावर किमान दोन टक्के अशी दिली आहे. करारात ‘कोरड्या आधारावर’ हे दोन शब्द नसतील तर दोघेही आपापल्या सोयीचा अर्थ धरतील आणि दोघांचाही अर्थ पूर्ण चूक ठरणार नाही.

दुसरी मेख नावातच आहे. हळदीचा पिवळा रंग तीन जवळच्या द्रव्यांचा असतो. त्यांना मिळून करक्युमिनॉइड म्हणतात आणि करक्युमिन हे त्यांतले सर्वांत मोठे. प्रकाशशोषण मोजणारी पद्धत तिन्ही मिळून एक आकडा देते. एचपीएलसी पद्धत तिघांना वेगळे करून मोजू शकते, आणि अहवालात एकट्या करक्युमिनचा आकडा दिला तर तो साहजिकच कमी असतो. म्हणून करारात ‘एकूण करक्युमिनॉइड, कोरड्या आधारावर’ असे लिहा आणि पद्धत नेमून द्या. राजापुरी हळदीपेक्षा सेलममध्ये करक्युमिन सहसा जास्त असते. राजापुरी मिसळलेला माल सेलमच्या आकड्यावर विकू नका, मग कलम कितीही चोख असो.

नमुना पाठवून सौदा झाला असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नमुना आणि वर्णन अशा दोन्हींवर विक्री झाली असेल तर माल फक्त नमुन्याशी जुळून चालत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. नमुना तुम्ही निवडून पाठवलेला असतो, त्यामुळे मेलमध्ये लिहिलेल्या ओळी नमुन्यापेक्षा चढ्या नसतील याची काळजी घ्या.

वजन: पोते, काटा आणि सूट

आता २५० किलोंच्या तुटीकडे येऊ. ती तीन तुकड्यांत फोडली की उलगडते.

पहिला तुकडा नैसर्गिक घट. ओलावा ९.८ वरून ९.४ वर आला. वजन काढायची रीत सोपी आहे: पहिल्या वजनाला पहिल्या कोरड्या टक्क्याने गुणा आणि नंतरच्या कोरड्या टक्क्याने भागा. २५,००० गुणिले ९०.२ भागिले ९०.६, म्हणजे सुमारे २४,८९० किलो. म्हणजे ११० किलो पाणी उडाले. हळद एक कणही कमी झाली नाही.

दुसरा तुकडा बारदान. सांगलीत आतल्या पिशवीसह प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याचे वजन १२० ग्रॅम होते. ५०० पोत्यांचे ६० किलो. भरलेल्या मालाचे एकूण वजन २५,०६० किलो, त्यातून ६० वजा करून निव्वळ २५,०००. रॉटरडॅमला एकूण वजन २४,९५० भरले. तिथल्या गोदामाने बारदान म्हणून ठोक आकडा धरला, पोत्याला ४०० ग्रॅम, म्हणजे २०० किलो वजा केले. म्हणून निव्वळ २४,७५०. प्रत्यक्षात ६० वजा व्हायला हवे होते. १४० किलोंची तूट फक्त रिकाम्या पोत्याच्या गैरसमजातून आली. ११० आणि १४० मिळून २५०, हिशेब जुळला. तिसरा तुकडा काट्याच्या फरकाचा असतो, या उदाहरणात तो निघाला नाही.

प्रत्यक्षात काट्याचा फरक बहुधा निघतोच. भुईकाट्यावर ट्रकसकट कंटेनर मोजतात. त्याचा सर्वांत लहान अंक बहुधा १० किंवा २० किलोंचा असतो, ट्रकच्या टाकीत डिझेल किती, पावसाने ताडपत्री भिजली का, चालक आत होता का, यावर आकडा हलतो. भरलेला आणि रिकामा ट्रक एकाच काट्यावर, एकाच दिवशी मोजला तर यातले बरेच दोष एकमेकांना काटतात. पण अधिक विश्वासाचे म्हणजे पोती गोदामातल्या शिक्का असलेल्या काट्यावर तोलणे आणि तपासनीसाने ती नोंद घेणे. रिकामी दहा पोतीही तोलून सरासरी दाखल्यात लिहून घ्या. याला दोन मिनिटे लागतात आणि वरचे १४० किलो वाचतात.

बंदरासाठी देण्याच्या कंटेनरच्या प्रमाणित एकूण वजनाचा कागद व्यापारी वजनाचा पुरावा मानू नका. १ जुलै २०१६ पासून ते वजन जाहीर करणे बंधनकारक झाले ते जहाजाच्या सुरक्षिततेसाठी. कंटेनर कुठे रचायचा हे त्यावरून ठरते. त्यातून कंटेनरचे आणि बारदानाचे वजन काढून निव्वळ हळद ठरवणे म्हणजे मोठ्या मापाने छोटी वस्तू मोजणे.

मग करारात काय हवे? घटीची सूट. ‘अर्धा टक्का सूट’ असे लिहिले असते तर २५ टनांवर १२५ किलोंपर्यंत दावा उठला नसता आणि ही ११० किलोंची घट आत बसली असती. सूट नव्हती, म्हणून एवढ्यासाठी १८७ डॉलर गेले. पण ‘सूट’ हा शब्दही पुरता नाही. तूट ०.७ टक्के, म्हणजे १७५ किलो आली तर भरपाई पूर्ण १७५ किलोंची की सुटीवरच्या ५० किलोंचीच? दोन्ही रीती व्यवहारात आहेत. तुम्ही विक्रेते आहात, तेव्हा ‘सुटीवर जेवढी तूट तेवढीच भरपाई’ असे स्पष्ट लिहा.

मालाच्या प्रमाणातली लवचीकता ही याहून वेगळी गोष्ट. एलसीवर माल असेल तर बँका यूसीपी ६०० चे नियम पाळतात. त्याच्या कलम ३० प्रमाणे, एलसीत प्रमाण पोत्यांच्या किंवा नगांच्या संख्येत दिलेले नसेल आणि काढलेली रक्कम एलसीच्या रकमेपेक्षा जास्त नसेल तर पाच टक्के कमी-जास्त चालते. ‘५०० पोती’ असे एलसीत आले की ही मोकळीक गेली. वजनात लिहून घ्या, पोत्यांचा आकडा पॅकिंग लिस्टला राहू द्या.

शेवटचा शब्द कोणाचा?

वरचे सगळे मिटते किंवा चिघळते ते एका प्रश्नावर: कोणत्या ठिकाणची तपासणी अखेरची? आपल्या उदाहरणातला दर सीआयएफ होता असे धरा. सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते, हे अनेकांना पाठ असते. पण त्याच करारात ‘डेस्टिनेशन रिपोर्ट’ अखेरचा ठरवला तर व्यवहारात वाटेतली घट आणि दमट हवेचा परिणाम पुन्हा तुमच्याच डोक्यावर येतो. कंटेनर जुलैत बंदरावर पंधरा दिवस पडला, किंवा युरोपच्या थंडीत छताला आतून दव धरून वरच्या पोत्यांवर थेंब पडले, तर त्या पोत्यांचा ओलावा तुमचा दोष म्हणून मोजला जाईल.

विक्रेत्यासाठी सर्वांत सुरक्षित म्हणजे गुणवत्ता आणि वजन माल भरताना अखेरचे, दोघांना मान्य तपासणी कंपनीच्या दाखल्याने. खरेदीदार हे मान्य करेलच असे नाही, आणि त्याची भीती खोटी नाही. माल पाहिल्याविना तो पैसे देत असतो. मधला मार्ग असा: गुणवत्ता आणि वजन भरताना अखेरचे, मात्र आगमनानंतर ठरावीक दिवसांत, समजा चौदा दिवसांत, खरेदीदाराला नमुना तपासता येईल आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर राखून ठेवलेला मोहोरबंद नमुना तिसऱ्या प्रयोगशाळेत जाईल, तिचा आकडा दोघांवर बंधनकारक, खर्च हरणाऱ्याचा. ग्रेन अँड फीड ट्रेड असोसिएशन, म्हणजे गाफ्टा, हिच्या धान्य करारांत वजनासाठी नियम क्रमांक १२३, नमुन्यासाठी १२४ आणि लवादासाठी १२५ अशी तयार चौकट आहे. मका किंवा ज्वारी विकत असाल तर ती आधी वाचा, नंतरच आपले वाक्य घाला.

या सगळ्याचा पाया नमुना आहे. मसाल्यांच्या नमुन्याची आंतरराष्ट्रीय रीत अशी की शंभराहून जास्त पोती असतील तर त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पोत्यांतून नमुना घ्यायचा. ५०० पोत्यांसाठी २२ पोती. ती दाराजवळची नकोत, सगळ्या ढिगातून हवीत. धान्याच्या पोत्यात खुपसायची नळी हळकुंडाला उपयोगाची नाही, पोते उघडूनच घ्यावे लागते. मिसळलेल्या नमुन्याचे तीन भाग करा: एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, एक राखीव. राखीव नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर मोहोर लावून ठेवा. पातळ पिशवीतला नमुना महिन्याभरात हवेतली ओल घेतो किंवा सोडतो, आणि मग त्याच्या ओलाव्याचा काहीच अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेतही नमुना दळताना यंत्र तापले तर पाणी उडते, म्हणून थोडा-थोडा दळायला सांगा.

त्या सांगलीच्या निर्यातदाराचे ओलाव्यापोटीचे ८०७ डॉलर ५० सेंट वाचले ते फेरतपासणीला खरेदीदार तयार झाला म्हणून. करारात तसा हक्क कुठेच लिहिलेला नव्हता. आज तुमच्या फाईलमध्ये पाठवायचा जो करारनामा असेल तो काढा, ओलाव्याच्या आकड्यापुढे ‘आयएसओ ९३९ प्रमाणे’ एवढे लिहा, करक्युमिनपुढे ‘कोरड्या आधारावर’ लिहा, आणि अखेरची तपासणी कुठली हे सही करण्यापूर्वी खरेदीदाराला मेलने विचारा.